हॅमर कॅंडल कशी वाचायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेअरच्या भावांचा कॅंडलस्टिक चार्ट शिकायला घेतला की पहिल्याच आठवड्यात पंचवीस-तीस आकृत्यांची नावं समोर येतात आणि माणूस पाठांतराला लागतो. माझ्या मते एकच आकृती नीट, आतून-बाहेरून समजून घ्यावी. बाकीच्या मग आपोआप उलगडतात. मी त्यासाठी हॅमर निवडली आहे, घसरण थांबून भाव वर वळण्याची खूण मानली जाणारी आकृती. खालच्या उदाहरणांतले भाव काल्पनिक आहेत, चलन कुठलंही धरा.

एका कॅंडलमध्ये नेमकं काय असतं?

चार भाव. त्या काळातला पहिला सौदा झाला तो उघडता भाव, शेवटी ठरला तो बंद भाव, मधल्या वेळेतला सर्वांत वरचा भाव म्हणजे उच्चांक आणि सर्वांत खालचा म्हणजे नीचांक. उघडता आणि बंद भाव यांच्यामधला जाड भाग ही कॅंडलची बॉडी. बॉडीच्या वर उच्चांकापर्यंत आणि खाली नीचांकापर्यंत जी बारीक रेघ जाते ती वात. कुणी तिला शेपटी म्हणतं, कुणी शॅडो.

बंद भाव उघडत्या भावापेक्षा वर असेल तर बॉडी बहुतेक चार्टवर हिरवी दिसते, खाली असेल तर लाल. मात्र जपान आणि चीनमध्ये लाल रंग वाढीचा मानतात, त्यामुळे तिकडचा चार्ट पाहताना रंग आधी तपासा. जुन्या छापील चार्टवर तर रंग नसायचेच. पोकळ बॉडी म्हणजे वाढ, भरलेली म्हणजे घट.

कॅंडल कितीही काळाची असू शकते: पाच मिनिटांची, एका दिवसाची, एका आठवड्याची. आठवड्याच्या कॅंडलचा उघडता भाव पहिल्या दिवसाचा, बंद भाव शेवटच्या दिवसाचा आणि उच्चांक-नीचांक पूर्ण आठवड्यातले. हे लक्षात ठेवा, पुढे एका उत्तरात याचा मोठा उपयोग आहे.

कॅंडल हिरवी आहे, पण यादीत शेअर पडलेला दाखवतायत. चूक कुणाची?

कुणाचीच नाही. कॅंडलचा रंग आजच्या उघडत्या भावाची आजच्या बंद भावाशी तुलना करतो. यादीतला बदल मात्र कालच्या बंद भावापासून मोजलेला असतो. काल ४१५ ला बंद झालेला शेअर आज ४०५ ला उघडला आणि ४१० ला बंद झाला, तर कॅंडल हिरवी आणि बदल मात्र उणे ५. कालचा बंद आणि आजचा उघडता यांच्यातली ती १० ची रिकामी जागा म्हणजे गॅप. ती कॅंडलच्या आत नसते, दोन कॅंडल्सच्या मध्ये असते. म्हणून एकट्या कॅंडलकडे बघून ‘आज खरेदीचा जोर होता’ एवढंच म्हणता येतं, ‘आज शेअर वाढला’ असं नाही.

हॅमर कुठल्या कॅंडलला म्हणायचं?

बॉडी लहान आणि वरच्या टोकाला, खालची वात बॉडीच्या निदान दुप्पट, वरची वात नाहीच किंवा नावापुरती. आणि चौथी अट, जी सगळे विसरतात: ही कॅंडल घसरणीनंतर यायला हवी.

एक उदाहरण मोजून बघू. एक शेअर पाच दिवस पडतोय. बंद भाव ४५२, ४४३, ४३६, ४२४, ४१५. सहाव्या दिवशी तो ४१२ ला उघडतो, ४०० पर्यंत घसरतो, ४१७ पर्यंत चढतो आणि ४१६ ला बंद होतो. बॉडी ४१२ ते ४१६, म्हणजे ४ ची. खालची वात ४१२ पासून ४०० पर्यंत, म्हणजे १२ ची. वरची वात फक्त १ ची. बॉडीच्या तिप्पट शेपटी आहे, आधी पाच दिवसांची घसरण आहे, म्हणजे ही हॅमर.

बॉडी हिरवीच हवी का, असंही विचारतात. हिरवी असेल तर थोडी बरी, कारण विक्रेत्यांनी मिळवलेलं सगळं दिवसाअखेर परत गेलं. पण ४१६ ला उघडून ४१२ ला बंद झालेली लाल कॅंडलही हॅमरच असते. इथे रंगापेक्षा शेपटीची लांबी जास्त बोलते.

लांब शेपटी म्हणजे खरेदीदार परत आले, हे कशावरून?

नीचांक ४०० आणि बंद ४१६ याचा अर्थ सरळ आहे. दिवसात कधीतरी कुणीतरी ४०० ला विकायला तयार होतं, आणि दिवस संपताना तोच शेअर ४१६ च्या खाली द्यायला कुणी तयार नव्हतं. मधल्या वेळात खरेदी भारी पडली, एवढं चार आकड्यांवरून नक्की सांगता येतं.

खरेदी कुणी केली, हे मात्र कॅंडल सांगत नाही, आणि खरा अर्थ तिथे आहे. काही जण शेअर स्वस्त मिळाला म्हणून दीर्घ मुदतीसाठी घेतात. काही जणांनी आधी शॉर्ट केलेलं असतं, म्हणजे हातात शेअर नसताना विकलेला असतो, आणि नफा पदरात पाडायला ते परत विकत घेतात. दोन्ही खरेदी चार्टवर सारखीच दिसते. पण शॉर्टवाल्यांचा हिशोब पूर्ण झाला की त्यांची खरेदी संपते. म्हणून काही हॅमर्सनंतर दुसऱ्याच दिवशी जोर गळून पडतो. पुढच्या दिवसाची वाट पाहण्याचा आग्रह यातूनच आला आहे.

दिवसात आधी काय झालं, उच्चांक की नीचांक?

कॅंडलवरून ते कळत नाही. माझ्या मते या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

वरचीच कॅंडल घ्या: ४१२, ४१७, ४००, ४१६. ही तीन अगदी वेगळ्या दिवसांतून तयार होऊ शकते. पहिल्या दिवशी शेअर उघडल्या उघडल्या पडला, तासाभरात ४०० ला पोहोचला, तिथे थांबला आणि मग दिवसभर हळूहळू चढत ४१७ ला गेला. ही पाठ्यपुस्तकातली हॅमर. दुसऱ्या दिवशी शेअर जवळजवळ पूर्ण वेळ ४१४ ते ४१७ मध्ये रेंगाळला, शेवटच्या तासात एका बातमीने धाडकन ४०० झाला आणि बातमीचा खुलासा येताच परत आला. इथे लढाई झालीच नाही, फक्त धक्का बसला. तिसऱ्या दिवशी ४०० ला मोजक्या शेअर्सचा एकच सौदा पडला. कुणीतरी घाईत बाजारभावाने विकायची ऑर्डर टाकली, त्या क्षणी समोर खरेदीदार कमी होते, आणि सौदा खाली जाऊन लागला. त्या एका सौद्याने १२ ची शेपटी काढली.

तिन्ही कॅंडल्स चार्टवर हुबेहूब. फरक ओळखायचा तर त्याच दिवसाचा पंधरा मिनिटांचा चार्ट उघडा. पहिल्या प्रकारात तळाजवळ चार-सहा छोट्या कॅंडल्स असतात आणि तिथे व्हॉल्यूम फुगलेला दिसतो, म्हणजे बरेच शेअर्स हातोहात बदललेले असतात. तिसऱ्या प्रकारात एकाच छोट्या कॅंडलला लांब शेपटी असते आणि व्हॉल्यूम नेहमीसारखाच. ज्या शेअरमध्ये रोजची उलाढालच कमी आहे तिथे हा तिसरा प्रकार वारंवार दिसतो. तिथल्या हॅमरवर मी तरी भरवसा ठेवत नाही.

हीच आकृती तेजीच्या टोकाला दिसली तर?

तिचं नाव बदलतं, हॅंगिंग मॅन होतं, आणि अर्थ सावधगिरीचा. आकृती तीच, पण आधीची वाटचाल उलटी. घसरणीत शेपटी म्हणते की विक्री पचली. चढणीत तीच शेपटी म्हणते की इतके दिवस न दिसलेली विक्री आज दिसली. मात्र भाव दिवसाअखेर सावरलेला असल्यामुळे हा इशारा कमजोर असतो. पुढची कॅंडल हॅंगिंग मॅनच्या बॉडीखाली बंद झाली, तरच त्याकडे गांभीर्याने बघतात.

तेजीच्या टोकाला जास्त स्पष्ट बोलते ती शूटिंग स्टार: बॉडी लहान, खाली, आणि वरची वात लांब. तिथे वरचा भाव दिसला आणि नाकारला गेला.

आणि भाव बरेच दिवस एकाच पट्ट्यात आडवा फिरत असेल तर? मग हॅमरसारखी कॅंडल दिसली तरी उलटवायला काही कल नसतो. ती सोडून द्यावी.

बुलिश एनगल्फिंग ही हॅमरपेक्षा वेगळी गोष्ट आहे का?

नावाने वेगळी, पोटात बरीचशी तीच. बुलिश एनगल्फिंगमध्ये आधी एक लाल कॅंडल येते आणि दुसऱ्या दिवशीच्या हिरव्या कॅंडलची बॉडी त्या लाल बॉडीला पूर्ण झाकते. समजा सोमवारी शेअर ४२० ला उघडला, उच्चांक ४२२, नीचांक ४०८, बंद ४१०. मंगळवारी उघडला ४०८ ला, उच्चांक ४२४, नीचांक ४०५, बंद ४२३. हिरवी बॉडी ४०८ ते ४२३, लाल बॉडी ४१० ते ४२०. पूर्ण झाकली.

आता दोन दिवसांची मिळून एक कॅंडल करा. सोमवारचा उघडता भाव ४२०, मंगळवारचा बंद ४२३, दोन दिवसांतला उच्चांक ४२४, नीचांक ४०५. बॉडी ३ ची, खालची वात १५ ची, वरची वात १ ची. हॅमर!

म्हणजे एकच हालचाल तुम्ही कुठे कापता यावर तिचं नाव ठरतं. एखाद्या शेअरची घसरण आणि सावरणं एका दिवसात झालं तर हॅमर, दोन दिवसांत विभागलं तर एनगल्फिंग, आणि मध्ये एक छोटी थबकलेली कॅंडल आली तर मॉर्निंग स्टार. हे एकदा डोक्यात बसलं की तीस नावं पाठ करायची गरज उरत नाही. नवी आकृती दिसली की तिच्या कॅंडल्स मनात एकत्र करून बघा. बहुतेक वेळा खाली लांब शेपटी निघते किंवा वर.

हरामी मात्र एकत्र केली की बहुधा वेगळं चित्र देते. मोठ्या बॉडीच्या पोटात दुसऱ्या दिवशीची छोटी बॉडी, म्हणजे दिशा बदललेली नाही, फक्त वेग मंदावला आहे. या शब्दाचा मराठीतल्या शिवीशी संबंध नाही. जपानीत त्याचा अर्थ गरोदर असा आहे. कॅंडलची पद्धत जपानी तांदूळ बाजाराच्या परंपरेतून आली, त्यामुळे डोजी, मारुबोझू ही नावंही तिकडचीच.

डोजी आणि मारुबोझूचं काय?

डोजीत उघडता आणि बंद भाव जवळजवळ सारखेच, बॉडी म्हणजे नुसती आडवी रेघ. तिच्यावरून एवढंच समजायचं की त्या दिवशी कुणाचंच वर्चस्व राहिलं नाही. मारुबोझूत उलट: वाती नाहीत, सगळी बॉडीच. एका टोकाला उघडला, दुसऱ्या टोकाला बंद. दिवसभर एकाच बाजूचा जोर.

पुष्टी मिळेपर्यंत थांबायचं म्हणजे नक्की कशासाठी आणि किती?

प्रचलित नियम असा: पुढची कॅंडल हॅमरच्या उच्चांकाच्या वर बंद व्हायला हवी. आपल्या उदाहरणात ४१७ च्या वर. समजा सातव्या दिवशी शेअर ४१६ ला उघडला आणि ४२२ ला बंद झाला. पुष्टी मिळाली. स्टॉपलॉस, म्हणजे तोटा वाढू नये म्हणून आधीच ठरवलेला विक्रीचा भाव, साधारणपणे हॅमरच्या नीचांकाच्या जरा खाली ठेवतात, म्हणजे ३९९ ला, कारण तो भाव तुटला तर ‘४०० ला खरेदीदार आहेत’ ही मूळ समजूतच चुकलेली असते.

थांबण्याची किंमत आता मोजा. हॅमरच्याच दिवशी ४१६ ला घेतला असता तर स्टॉपलॉसपर्यंतची जोखीम प्रत्येक शेअरमागे १७ होती. थांबून ४२२ ला घेतला तर ती २३ झाली. म्हणून थांबणारा कमी शेअर्स घेतो. एका सौद्यात जास्तीत जास्त २३०० चा तोटा सोसायचा असं ठरवलं असेल, तर २३०० भागिले २३, म्हणजे १०० शेअर्स. न थांबणाऱ्याला तोट्याच्या त्याच मर्यादेत १३५ घेता आले असते. हातात सव्वाशेहून जास्त शेअर्स आणि कमी खात्री, की शंभर शेअर्स आणि थोडी जास्त खात्री, हा निवडीचा प्रश्न आहे. मी थांबतो.

पण ३९९ चा स्टॉपलॉस म्हणजे ३९९ ला विक्री होईलच असं नाही. रात्री वाईट बातमी आली आणि शेअर सकाळी थेट ३८८ ला उघडला, तर विक्री त्या भावाच्या आसपास होईल. ४२२ ला घेतलेल्या शंभर शेअर्सवर तोटा २३०० ऐवजी ३४०० चा. दोन दिवसांच्या मधली गॅप कुठलीही कॅंडल आधी दाखवत नाही.

बाजार बंद व्हायच्या अर्धा तास आधी हॅमर दिसतेय. तेव्हाच घेतला तर?

ती अजून हॅमर झालेली नाही. बंद भाव ठरेपर्यंत कॅंडलचा आकार बदलत राहतो. सुरुवातीच्या काळात मी असाच एक शेअर शेवटच्या अर्ध्या तासात घेतला होता; छान लांब शेपटी, हिरवी छोटी बॉडी. बाजार बंद झाला तेव्हा शेपटीचा बराच भाग बॉडीने गिळला होता आणि समोर लांबलचक लाल कॅंडल उभी होती. तेव्हापासून चालू कॅंडल मी मोजतच नाही.

चार्टवरची कॅंडलच चुकीची असू शकते का?

हो, आणि नवख्यांना ते लवकर लक्षात येत नाही. शेअर विभागला गेला, समजा एकाचे पाच झाले, की १००० चा भाव २०० होतो. चार्टवरचे जुने भाव त्या प्रमाणात बदललेले नसतील तर रोजच्या चार्टवर नुसती प्रचंड गॅप दिसते. आठवड्याच्या चार्टवर मात्र त्या आठवड्यात शेअर १००० ला उघडून २०५ ला बंद झाल्याची राक्षसी लाल कॅंडल तयार होते. शंका आली तर त्या दिवसाचा कंपनीचा विभाजन, बोनस किंवा लाभांशाचा तपशील बघा. मोठ्या लाभांशाच्या तारखेनंतर भाव साधारण तेवढ्याने खाली उघडतो, तेही मंदीचं लक्षण नसतं.

दुसरी गफलत हायकिन आशी चार्टची. तो दिसतो कॅंडलसारखाच, पण त्यातले आकडे सरासरीचे असतात. तिथे ‘बंद’ म्हणून दिसणाऱ्या भावाला कदाचित एकही सौदा झालेला नसतो. हॅमरची मापं तिथे लावू नका.

तिसरी गोष्ट छोटी आहे: काही बाजारांत अधिकृत बंद भाव शेवटच्या लिलावात ठरतो, काहींत शेवटच्या काही मिनिटांच्या सरासरीने. त्यामुळे रोजच्या कॅंडलचा बंद भाव आणि त्याच दिवसाच्या शेवटच्या पाच मिनिटांच्या कॅंडलचा बंद भाव थोडा वेगळा दिसू शकतो. बॉडी अगदी लहान असेल तर तेवढ्यानेही तिचा रंग बदलतो.

जुन्या चार्टवर जवळजवळ प्रत्येक तळाला हॅमर दिसते. मग ती इतकी खात्रीची का नाही?

कारण तुम्ही तळ आधी बघता आणि हॅमर नंतर शोधता. घसरणीच्या मध्येच आलेल्या, पुढच्याच दिवशी तुटलेल्या हॅमर्सवरून नजर सरळ घसरते. चार्टची उजवी बाजू कागदाने झाका आणि एकेक कॅंडल उघडत जा, अनुभव एकदम वेगळा येतो.

त्याहून बरं म्हणजे मोजणं. कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये B स्तंभात उघडता भाव, C मध्ये उच्चांक, D मध्ये नीचांक, E मध्ये बंद भाव घ्या. सर्वांत जुना दिवस वर ठेवा आणि सातव्या ओळीपासून हे सूत्र खाली ओढा:

```
=AND(C7>D7, MIN(B7,E7)-D7>=2*ABS(E7-B7), C7-MAX(B7,E7)<=0.1*(C7-D7), E6<E2)
```

पहिली अट गरजेची आहे. शेअर दिवसभर भावमर्यादेला अडकून चारही भाव सारखे राहिले, तर बॉडी शून्य, वाती शून्य, आणि उरलेल्या मापांत तो दिवसही हॅमर म्हणून बसतो. माझ्या पहिल्या यादीत असे कितीतरी दिवस घुसले होते. दुसरी अट शेपटीची, तिसरी वरच्या वातीची. शेवटची अट घसरणीची ढोबळ खूण आहे: कालचा बंद भाव त्याच्या चार दिवस आधीच्या बंद भावापेक्षा कमी.

आता सापडलेल्या प्रत्येक हॅमरनंतर पाच दिवसांनी भाव वर होता की खाली, ते लिहा. मग तोच प्रश्न त्या शेअरच्या सगळ्या दिवसांना विचारा. समजा हॅमरनंतर शंभरपैकी ५६ वेळा भाव वर होता. ऐकायला बरं वाटतं. पण कुठल्याही दिवसानंतर तो शंभरपैकी ५४ वेळा वर असेल, तर हॅमरने तुम्हाला दिले फक्त दोन, आणि ते दलालीतही जाऊ शकतात. एका शेअरमध्ये वर्षभरात अशा मोजक्याच कॅंडल्स सापडतात, त्यामुळे निदान वीस-पंचवीस शेअर्सची बऱ्याच वर्षांची माहिती घ्या. त्यात बाजारातून बाद झालेल्या कंपन्याही धरा. त्यांच्या शेवटच्या घसरणीतही हॅमर्स दिसलेल्या असतात, आणि त्यांच्यानंतर भाव वर आलाच नाही.